गूगल अ‍ॅड्स बंद करायच्या आहेत? आधी जाहिरात, मग थकलेलं बिल, कार्ड सगळ्यात शेवटी

दुकानाची गूगलवरची जाहिरात बंद करायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा बँकेला फोन लावतात आणि कार्ड ब्लॉक करून टाकतात. पैसे कापणं थांबलं की विषय संपला, असं वाटतं. पण गूगल अ‍ॅड्सचा हिशेब उधारीच्या वहीसारखा चालतो. क्लिक आधी होतात, पैसे मागून कापले जातात. कार्ड ब्लॉक केलंत तरी जाहिरात त्या क्षणी थांबत नाही आणि तोवर झालेली उधारी कुठं जात नाही. पुढची वसुली फसली की खातं थकबाकीपोटी निलंबित होतं. मग नवरात्रात पुन्हा जाहिरात लावायला गेलात की जुनी बाकी भरल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

माझं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. पावसाळा लागला की चामड्याच्या कोल्हापुरीला गिऱ्हाईक नसतं. पाण्यात ती चप्पल कोण घालणार? त्यामुळं जूनमध्ये जाहिरात थांबवायची आणि गणपती-नवरात्राच्या आधी सुरू करायची, हे आमच्याकडं ठरलेलं आहे. आसपासच्या दुकानदारांचीही खाती बंद करून दिली आहेत, त्यात काहींनी कायमची बंद केली. गोंधळ बहुतेक एकाच जागी होतो, तो म्हणजे क्रम चुकण्यात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा.

हा लेख गूगल सर्चवरच्या जाहिरातींचा आहे, आणि ज्यांचे पैसे कार्डातून किंवा यूपीआयमधून आपोआप कापले जातात त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. आधी पैसे भरून मग जाहिरात चालवणाऱ्यांसाठी वेगळं असेल तिथं तसं सांगितलं आहे.

## बसण्याआधी काय जवळ ठेवाल

- ज्या जीमेलनं गूगल अ‍ॅड्स उघडलं त्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल
- अ‍ॅड्स खात्याचा दहा आकडी क्रमांक. तो `123-456-7890` असा दिसतो आणि लॉगिन केल्यावर वरच्या कोपऱ्यात असतो
- मागच्या तीन महिन्यांचं बँक किंवा क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट
- दुकानाचा जीएसटी क्रमांक, असेल तर
- एजन्सीकडून काम करून घेत असाल तर त्यांच्याशी झालेला करार. करार नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं बोलणं

हे काम शक्यतो संगणकावर करा. मोबाइल अ‍ॅपमधून जाहिरात थांबवता येते, पण बिलं उतरवून घेणं आणि खातं बंद करणं ब्राउझरमध्ये सोपं जातं.

## १. खातं नक्की कुणाचं आहे ते बघा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढं अडकतात. दुकानदार म्हणतो, “माझी जाहिरात आहे.” पण खातं उघडलेलं असतं एजन्सीच्या पोरानं, त्याच्या जीमेलवर, आणि कार्ड तेवढं दुकानाचं.

लॉगिन केल्यावर डावीकडं Admin आणि त्यात Access and security उघडा. Users मध्ये कोणकोणत्या ईमेलना आत यायची परवानगी आहे ते दिसतं. तुमच्या ईमेलसमोर Admin लिहिलेलं पाहिजे. Standard असेल तर जाहिरात थांबवता येईल, पण कुणाची परवानगी काढता येणार नाही. शेजारच्या Managers मध्ये एजन्सीचं मोठं खातं जोडलेलं असेल तर ते दिसतं.

आता पैसे कोण भरतंय ते तपासा. Billing मधल्या Settings मध्ये पेमेंट्स प्रोफाइलचं नाव असतं. तिथं दुकानाचं नाव असेल तर बिल गूगलकडून थेट तुमच्या नावावर येतंय. एजन्सीचं नाव असेल तर गूगलचा हिशेब एजन्सीशी आहे आणि तुम्हाला बिल देते ती एजन्सी. अशा वेळी तुम्ही गूगलकडं काही मागू शकत नाही. एजन्सीला ईमेलनं लिहून कळवा की अमुक तारखेपासून जाहिरात थांबवा, त्या तारखेपर्यंतचा गूगलचा खर्च आणि तुमची फी वेगवेगळी दाखवून शेवटचं बिल द्या. फोनवर सांगून भागवू नका. आमच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं. एजन्सीनं पुढच्या महिन्याची फी लावली आणि “आम्हाला कुणी कळवलंच नाही” म्हणून हात वर केले. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळं वाद घालायलाही जागा नव्हती.

एकाच जीमेलखाली दोन-तीन अ‍ॅड्स खाती असू शकतात, हेही लक्षात ठेवा. नवीन माणूस कामाला आला की तो जुनं सोडून नवीन खातं उघडतो आणि जुनं मागं चालूच राहतं. स्टेटमेंटमध्ये `GOOGLE*ADS` च्या पुढं बहुतेक वेळा काही आकडे असतात. ते तुमच्या खात्याच्या दहा आकडी क्रमांकाशी जुळवून बघा. जुळले नाहीत तर पैसे कापणारं खातं वेगळंच आहे, आणि तुम्ही समोरचं कितीही बंद केलंत तरी कापणं थांबणार नाही.

## २. जाहिरात थांबवा, खात्याला अजून हात लावू नका

Campaigns उघडा. प्रत्येक कॅम्पेनच्या नावाआधी हिरवा ठिपका असतो. त्यावर क्लिक करून Pause निवडा. एकेक करत बसायचं नसेल तर वरच्या चौकोनात टिक करून सगळी निवडा आणि Edit मधून एकदम Pause करा.

यादीच्या वर फिल्टर लागलेला आहे का ते आधी बघा. फिल्टरमुळं काही कॅम्पेन झाकलेली असतात, समोर दिसतात तेवढी थांबवून माणूस उठतो आणि एखादं मागं चालू राहतं. सर्चबरोबर यूट्यूबचं किंवा पर्फॉर्मन्स मॅक्सचं कॅम्पेनही कुणी लावून ठेवलेलं असू शकतं.

Remove दाबू नका. काढून टाकलेलं कॅम्पेन परत चालू करता येत नाही. थांबवलेलं मात्र जसंच्या तसं राहतं, त्यातले शब्द, भाग, मजकूर सगळं. ज्यांना हंगामात परत यायचं आहे त्यांच्यासाठी तर ते सोन्यासारखं आहे.

यानंतर एक जागा आवर्जून बघा. Tools मध्ये Bulk actions आणि त्यात Rules असतं. एजन्सीवाले तिथं नियम लावून ठेवतात: दर शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पेन चालू, सोमवारी बंद. पर्यटकांच्या गर्दीसाठी ते चांगलंच असतं. पण तुम्ही बुधवारी हातानं थांबवलेलं कॅम्पेन तो नियम शुक्रवारी पुन्हा चालू करतो. असा नियम दिसला तर तोही थांबवा.

थांबवलेली जाहिरात परत सुरू झालीच, तर ती कुणी केली हे कळतं. Change history मध्ये तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्याचा ईमेल असतो. माणसानं केला की नियमानं, हेही तिथं दिसतं. भांडायला जाण्याआधी ते पान उघडून त्याचा फोटो घ्या.

## ३. दोन-तीन दिवस थांबा आणि आकडा स्थिर होतोय का बघा

जाहिरात थांबवल्यानंतरही Billing च्या Summary मधला आकडा थोडा वाढतो, आणि तो बघून माणूस घाबरतो. त्याची कारणं साधी आहेत.

काही क्लिक नोंदीत उशिरा चढतात. थांबवण्याआधी झालेला क्लिक काही तासांनी हिशेबात दिसू शकतो. क्लिकच्या खर्चावर १८% जीएसटी आहे, तो त्या आकड्यात मिळतो. उलट, चुकीचे किंवा यंत्रानं केलेले क्लिक गूगलला नंतर सापडले तर त्यांचे पैसे वजा होतात. म्हणजे आकडा वरही जाईल आणि जरा खालीही येईल. दोन-तीन दिवस तो हलला नाही की समजा, उधारीचा खरा आकडा हाच.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र रोजच्या बजेटचा. “मी दिवसाला ३०० लावले होते, मग एका दिवशी ४८० कसे लागले?” गूगल रोजचं बजेट सरासरी म्हणून धरतं. ज्या दिवशी शोधणारे जास्त, त्या दिवशी ते बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. ३०० चं बजेट असेल तर एका दिवसाची वरची मर्यादा ६०० रुपये. महिन्याचा हिशेब मात्र बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही, म्हणजे ९,१२० रुपये. महिना पूर्ण चालला तर हे कमी-जास्त एकमेकांत मिटतं. तुम्ही मध्येच थांबवलंत तर मिटायला पुढचे दिवसच उरत नाहीत. म्हणून अकरा दिवसांचं बिल ३,३०० पेक्षा जास्त आलं तर ती चूक नाही. त्यासाठी तक्रार करून परतावा मिळत नाही.

## ४. एक पूर्ण हिशेब मांडून बघू

समजा, रोजचं बजेट ३०० रुपये होतं आणि ११ जूनला संध्याकाळी जाहिरात थांबवली. मे महिन्याची बाकी १ जूनला कापली गेली होती, त्यामुळं जूनचा हिशेब कोऱ्या पानावर सुरू झाला.

आपोआप कापणीची पद्धत अशी आहे. गूगलनं तुमच्या खात्याला एक उंबरठा दिलेला असतो. बाकी त्या आकड्याला पोचली की लगेच पैसे कापले जातात. पोचली नाही तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. तो उंबरठा Summary किंवा Settings मध्ये लिहिलेला असतो. खर्च वाढत गेला आणि उंबरठा लवकर-लवकर गाठला जाऊ लागला की तो आकडाही वाढवला जातो. म्हणून मागच्या वर्षीचा आकडा गृहीत धरू नका.

आपल्या उदाहरणात १ ते ८ जूनच्या क्लिकचे ३,०२० रुपये झाले आणि उंबरठा ओलांडला. त्यावर १८% म्हणजे ५४३.६० रुपये कर, एकूण ३,५६३.६० रुपये कापले गेले. ९ जूनला ३९०, १० ला ३६० आणि ११ ला जाहिरात थांबेपर्यंत २५०, असे आणखी १,००० रुपयांचे क्लिक झाले. त्यावर १८० रुपये कर. हे १,१८० रुपये म्हणजे थकलेली बाकी.

दुकानदाराला ११ जूनला वाटतं की ८ तारखेला पैसे कापले, आज बंद केलं, हिशेब फिटला. मग १ जुलैला ११८० कापल्याचा मेसेज येतो आणि “बंद करूनही पैसे कापतात” अशी ओरड सुरू होते. ते पैसे बंद केल्यानंतरचे नसतात, ९ ते ११ जूनचे असतात.

जूनचं बिल येईल ते पूर्ण महिन्याचं. क्लिकचे ४,०२० अधिक कर ७२३.६०, एकूण ४,७४३.६० रुपये. ८ तारखेला गेलेले ३,५६३.६० आणि नंतरचे १,१८० मिळून तोच आकडा येतो. तुमचं खातं असंच जुळलं पाहिजे: बिलावरची रक्कम एका बाजूला, बँकेतून गेलेल्या रकमा दुसऱ्या बाजूला. दोन बाजूंत काही रुपयांचा फरक असेल तर Billing मधल्या Transactions मध्ये ओळीनं बघा. वजा झालेले क्लिक किंवा मागच्या महिन्याची उरलेली बाकी तिथं सापडते.

एखाद्याला सुरुवातीला मोफत जाहिरातीचं कूपन मिळालेलं असतं. कूपन संपलं की खर्च गुपचूप कार्डावर जायला लागतो, कारण कॅम्पेन आपणहून थांबत नाही. असा खर्चही याच पानावर कळतो. कूपनची उरलेली रक्कम रोख परत मिळत नाही.

## ५. बाकी स्वतःहून भरा

आकडा स्थिर झाला की १ तारखेची वाट बघू नका. Summary मध्ये Make a payment आहे. तिथून बाकी तेवढीच रक्कम भरा. भरल्यावर बाकी शून्य दिसली पाहिजे. नोंद व्हायला थोडा वेळ लागू शकतो, म्हणून लगेच दुसऱ्यांदा भरायला जाऊ नका.

आधी पैसे भरून चालवणाऱ्यांचं इथं उलटं असतं. त्यांची गूगलकडं रक्कम शिल्लक असते. ती परत हवी असेल तर खातं रद्द करावं लागतं. त्यानंतर परतावा निघतो आणि तो यायला काही आठवडे लागू शकतात. ज्या मार्गानं भरले त्याच मार्गानं पैसे परत येतात, म्हणून मधल्या काळात ते कार्ड किंवा बँक खातं बंद करू नका. काही मार्गांना परत पाठवायची सोय नसते, अशा वेळी गूगल बँक खात्याची माहिती मागतं. ती माहिती फक्त खात्यात लॉगिन करून, Billing मध्येच द्या.

हे ठासून सांगतोय कारण थकबाकीच्या नावानं फोन येतात. “गूगलमधून बोलतोय, तुमचं बिल थकलंय, या लिंकवर भरा, नाहीतर मॅपवरून दुकान काढू.” असा फोन आला तर ठेवून द्या आणि स्वतः Summary उघडून बघा. बाकी असेल तर तिथंच दिसते आणि तिथंच भरता येते. स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं किंवा ओटीपी मागितला, तर तो भामटाच. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

मॅपची भीती तर अगदीच निराधार आहे. गूगल मॅपवरचं दुकानाचं पान, त्यावरचे फोटो आणि गिऱ्हाइकांचे शेरे हे वेगळं आणि फुकट आहे. जाहिरातीचं खातं बंद केल्यानं त्याला धक्का लागत नाही.

## ६. बिलं उतरवून घ्या

Billing मध्ये Documents उघडा. महिन्यागणिक पीडीएफ मिळतात. चालू महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तयार होतं, त्यामुळं जूनचं बिल जूनमध्ये शोधू नका. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर बघा.

बिल हातात आल्यावर फक्त एकूण रक्कम बघून फाइलला लावू नका. दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक छापलाय का ते वाचा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ नं सुरू होतो. क्रमांकच नसेल तर ते बिल सामान्य ग्राहकाच्या नावानं निघालंय, आणि तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते दिसणार नाही. म्हणजे भरलेला १८% कर इनपुट म्हणून घेता येणार नाही. वरच्या उदाहरणात ७२३ रुपयांचाच प्रश्न आहे, पण वर्षभर जाहिरात चालवणाऱ्याचे हजारो रुपये असे जातात.

क्रमांक Billing च्या Settings मध्ये, पेमेंट्स प्रोफाइलच्या कर माहितीत भरता येतो. तो खातं रद्द करण्याआधी भरा, शक्य असेल तर शेवटचं बिल निघण्याआधी. आधी निघालेली बिलं त्यामुळं आपोआप बदलत नाहीत. मागच्या वर्षीचं इनपुट राहून गेलं असेल तर सीएंना लगेच सांगा. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यातली जी आधी येईल तिथपर्यंतच ते घेता येतं.

कंपोझिशन योजनेत असाल तर इनपुट मिळतच नाही, पण खर्चाचा पुरावा म्हणून बिल ठेवाच.

## ७. खातं रद्द करायचं की नुसतं थांबवून ठेवायचं?

माझं स्पष्ट मत आहे: हंगामी दुकानानं खातं रद्द करू नये. गूगल अ‍ॅड्सला महिन्याचं भाडं नाही. सगळी कॅम्पेन थांबलेली असतील आणि बाकी शून्य असेल तर खात्याला एक रुपयाही लागत नाही. वर्षभराचा अनुभव त्यात साठलेला असतो: कोणत्या शब्दावर गिऱ्हाईक आलं, कोणत्या शब्दावर नुसतेच क्लिक झाले.

कायमचं थांबायचं असेल, दुकान विकलं असेल किंवा एजन्सीशी बिनसलं असेल, तर मात्र रद्द करा. एजन्सीच्या बाबतीत आधी Access and security मधून त्यांचे ईमेल आणि Managers मधलं त्यांचं खातं काढा. पण त्याआधी तुमच्याकडं Admin परवानगी असल्याची खात्री करा, नाहीतर दारच बंद होईल.

रद्द करण्यासाठी Admin मध्ये Preferences उघडा. Account status ची पट्टी उघडली की Cancel my account दिसतं. रद्द केल्यावर जाहिराती साधारण २४ तासांत थांबतात. वरच्या क्रमानं आला असाल तर त्या आधीच थांबलेल्या असतात. काही बाकी उरली असेल तर ती रद्द केल्यानंतरही वसूल होते. रद्द केलेल्या खात्यात नंतरही लॉगिन करता येतं, जुनी बिलं दिसतात, आणि मनात आलं तर खातं पुन्हा चालू करता येतं. म्हणूनच ते जीमेल सोडून देऊ नका. कामावरच्या मुलाच्या जीमेलवर खातं असेल तर तो जाण्याआधी स्वतःचा ईमेल आत घालून घ्या.

## ८. आता कार्डाची परवानगी काढा

बाकी शून्य झाली आणि बिल जुळलं, की मगच बँकेकडं वळा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून वारंवार पैसे कापायचे असतील तर त्याची नोंदणी करावी लागते. कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं असतं आणि ती परवानगी मागं घ्यायची सोयही द्यायची असते. १५,००० रुपयांपेक्षा मोठी रक्कम असेल तर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. त्यापेक्षा लहान रक्कम तुम्ही काही न करता कापली जाते. छोट्या दुकानाची सगळी रक्कम या मर्यादेच्या आतच असते, म्हणून आगाऊ येणारा तो मेसेज वाचायची सवय ठेवा.

परवानगी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ई-मॅन्डेट अथवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली मिळते. गूगलच्या नावासमोरची नोंद निवडून रद्द करा. यूपीआयवर असेल तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे शोधा आणि पिन टाकून ती काढा. सापडत नसेल तर पासबुक घेऊन शाखेत जा, तिथं लेखी अर्ज देता येतो.

नुसतं जाहिरात थांबवून खातं चालू ठेवणाऱ्यांनी ही पायरी केली तरी चालते, पण हंगामात परत येताना कार्ड नव्यानं जोडावं लागेल. गूगलच्या Settings मधून मुख्य कार्ड काढायला गेलात तर आधी दुसरं जोडा म्हणून ते अडवतं. त्यात अडकून राहू नका, बँकेकडून परवानगी काढणं पुरेसं आहे.

## ९. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट बघा

जाहिरात जूनमध्ये थांबवली तर जुलै आणि ऑगस्टचं स्टेटमेंट उघडून त्यात `GOOGLE` शोधा. काही सापडलं तर लगेच बँकेत तक्रार नोंदवू नका. आधी खाते क्रमांक जुळवा. तुमच्या खात्याचा असेल तर Transactions मध्ये त्या तारखेची ओळ बघा. थांबवण्याआधीच्या क्लिकची असेल तर ती देणीच आहे. नंतरच्या क्लिकची असेल तर Change history बघा आणि ते पान जोडून अ‍ॅड्स खात्यातल्या मदतीच्या चिन्हावरून गूगलला लिहा. क्रमांकच वेगळा असेल आणि ते खातं घरातलं, एजन्सीचं, कुणाचंच निघालं नाही, तर मात्र बँकेला त्याच दिवशी कळवून कार्ड बंद करा.

आपलीच खरी बाकी असताना बँकेकडं जाऊन “हा व्यवहार मी केला नाही” असं लिहून देऊ नका. बँक पैसे परत ओढते, गूगलकडं ती रक्कम थकबाकी म्हणून परत उभी राहते आणि खातं निलंबित होतं. ऑगस्टअखेर गणपती-नवरात्राची जाहिरात लावायला बसाल तेव्हा आधी ते मिटवत बसावं लागतं, आणि हंगामाचे ऐन दिवस त्यातच जातात.